मदत हवी आहे: बाबागाडी घातल्यावर डिकीत नक्की किती जागा उरते?

नवी गाडी घ्यायची आहे. रविवारी गंगापूर रोडच्या एका शोरूममध्ये घडी केलेली बाबागाडी घेऊनच गेलो. सेल्समन हसला, पण डिकी उघडून दिली.

सेडानच्या डिकीचे लिटर हॅचबॅकपेक्षा बरेच जास्त, तरी बाबागाडी आत जाईना. डिकीचं तोंडच अरुंद. तिरकी करून ढकलली, तर झाकण लावताना बिजागरीचा वाकडा दांडा हँडलवर टेकला. हॅचबॅकमध्ये ती सहज बसली, पण मोठी सुटकेस आडवी ठेवली की चाकांच्या फुगवट्यांमध्ये अडकते. उभी केली तर मागचा पार्सल ट्रे काढावा लागतो. मग भाजीच्या पिशव्या बायकोच्या पायाशी!

लिटर मोजताना छोटे ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यात बसवतात. आपली सुटकेस थोडीच कापता येते?

लहान बाळ असलेल्या नाशिककरांनो, टेप लावून तीन मापं सांगाल का? डिकीच्या तोंडाची सर्वात कमी रुंदी, चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर आणि ट्रेखालची उंची. शक्य असल्यास सामान भरून, झाकण लावायच्या आधीचा फोटोही टाका. सीएनजीवाल्यांनी टाकी किती जागा खाते तेही लिहा.