प्रति: स्पॉन्सर करणाऱ्या कंपन्या आधीच कशा ओळखायच्या?

> "मुलगा अमेरिकेत एमएस करतोय, शंभर ठिकाणी अप्लाय केलं, शेवटच्या राउंडला कळतं की व्हिसा स्पॉन्सर करत नाही. आधी कळायला मार्ग आहे का?"

आहे हो. अमेरिकेच्या लेबर खात्याच्या साइटवर एलसीएची, म्हणजे परदेशी माणूस घेण्याआधी कंपनी लेबर खात्याकडे जो अर्ज भरते त्यांची, एक्सेल फाइल फुकट मिळते, दर तिमाहीची. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीला आधी हा एलसीए भरावाच लागतो. आमच्या ऐरोलीच्या भाचीसोबत मागच्या गणपतीत बसून हीच चाळली, फाइल एवढी मोठी की लॅपटॉप रडला.

पण नुसतं कंपनीचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका. तिच्या आवडत्या कंपनीच्या ४० ओळी होत्या, पण NEW_EMPLOYMENT या रकान्यात शून्य असलेल्या, म्हणजे आधीच एच-वन-बीवर असलेल्यांच्या मुदतवाढ किंवा बदलाच्या ओळी काढल्या तर उरल्या नऊ, आणि PW_WAGE_LEVEL मध्ये I किंवा II, म्हणजे पगाराच्या खालच्या दोन पातळ्या, लावल्यावर एकच! बाकी सगळे सिनियर. फ्रेशरला तिथे काय मिळणार, कप्पाळ. उलट एका छोट्या कंपनीच्या सहाच ओळी, त्यात चार I लेव्हलच्या, ती यादीत वर घेतली.

नाव शोधताना ब्रँडचं नको, ऑफर लेटरवर येतं ते कायदेशीर नाव टाका, नाहीतर काहीच सापडत नाही. आणि SECONDARY_ENTITY मध्ये Yes असेल तर माणूस दुसऱ्याच क्लायंटकडे बसणार, म्हणजे बहुतेक कन्सल्टन्सी.

एलसीए म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही हं, यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची मंजुरी वेगळी लागतेच. म्हणून उरलेली नावं त्यांच्याच H-1B Employer Data Hub मध्ये टाकून नवीन मंजुऱ्या खरंच आहेत का ते बघा.