मदत हवी आहे: कूलरची ऑर्डर, तीन परिस्थिती, मॉडेल तीन वेगळी उत्तरं देतंय

इतवारी_स्टॉक: डेझर्ट कूलरची ऑर्डर ३१ जानेवारीपर्यंत द्यायची आहे. उन्हाळा थंड गेला तर मागणी ३००, नेहमीसारखा ५००, कडक तापला तर ८००. शक्यता ०.३, ०.४, ०.३. खरेदी ६०००, विक्री ८५००. पायथनमध्ये PuLP वापरून टू-स्टेज मॉडेल लिहिलं. उत्तर येऊन राहिलं x[थंड]=300, x[नेहमी]=500, x[कडक]=800, नफा १३,२५,०००. आता ऑर्डर कितीची देऊ? लवकर सांगा.

मानेवाडा७: सरासरी काढा की, ५३०. त्यासाठी मॉडेल कशाला?

रेषीय: भाऊ, चूक x[s] मध्ये आहे. ऑर्डर जानेवारीत जाते, तेव्हा उन्हाळा कसा जाणार हे माहीत नसतं. तुमचं मॉडेल मात्र आधी उन्हाळा बघून मग ऑर्डर देतं. म्हणून १३.२५ लाख ही भविष्य आधीच कळलं असतं तरची कमाई आहे, ती हाती येणार नाही. x एकच ठेवा. [s] फक्त नंतरच्या निर्णयांना लावा. पण तुम्ही दोन गोष्टी सांगितल्याच नाहीत: उरलेला कूलर कितीला जातो, आणि कमी पडला तर एप्रिलमध्ये कुठून आणता?

इतवारी_स्टॉक: उरलेला जुलैत ५००० ला निघतो. कमी पडला तर दुसऱ्या होलसेलरकडून ७८०० ला.

महाल_गणित: मग सॉल्व्हर नकोच. कमी पडला तर २५०० गेले, उरला तर १०००. २५०० भागिले ३५०० म्हणजे ०.७१. शक्यतांची बेरीज ०.३, ०.७, १. ०.७१ हे ०.७ च्या वर, म्हणून ८००.

रेषीय: @महाल_गणित, सूत्र बरोबर, पण त्यात घातलेला आकडा चुकला. कमी पडल्यावर विक्री जात नाही, ७८०० ला माल मिळतो. म्हणजे नुकसान १८०० चं. १८०० भागिले २८०० म्हणजे ०.६४, म्हणून ५००. अपेक्षित नफा ५०० ला ११,०३,०००, ८०० ला १०,५५,०००. सरासरीच्या ५३० ला १०,९८,२००.

पंपवाला: दर आठवड्याला स्टॉक बघत जा. पंप आणि मोटरसाठी मी हेच करतो: किमान पातळी ठरवायची, खाली गेलं की मागवायचं.

रेषीय: ते वर्षभर मिळणाऱ्या मालाला चालतं. इथे स्वस्त भाव जानेवारीतच आहे.

इतवारी_स्टॉक: म्हणजे ५०० फायनल? तो होलसेलर तसा १०० च्या वर देत नाही, पण ते चालतं ना?

रेषीय: नाही चालत, हेच आधी सांगायला हवं होतं! पहिल्या १०० ची तूट १८०० ची, त्यापुढची २५०० ची. एका भागाकारात हे बसत नाही, आता मॉडेल लागतंच:

```python
x = LpVariable("x", 0)
y = LpVariable.dicts("y", S, 0, 100)
v = LpVariable.dicts("v", S, 0)
w = LpVariable.dicts("w", S, 0)
m += lpSum(p[s]*(8500*v[s] + 5000*w[s]
     - 7800*y[s]) for s in S) - 6000*x
for s in S:
    m += v[s] + w[s] == x + y[s]
    m += v[s] <= D[s]
```

y ऐनवेळची खरेदी, v विक्री, w उरलेला. उत्तर ७००, नफा १०,७१,०००. ५०० ते ७०० मध्ये वाढवलेला प्रत्येक कूलर कडक उन्हाळ्यात २५०० देतो आणि बाकी दोन्हींत १००० घालवतो: ७५० वजा ७००, म्हणजे ५० रुपये फायदा. ७०० च्या पुढे तो कडक उन्हाळ्यातही १८०० च वाचवतो: ५४० वजा ७००, म्हणजे तोटा.

महाल_गणित: मान्य. पण पन्नास रुपयांसाठी २०० कूलर जास्त? ५०० ला १०,६१,००० येतात, फरक फक्त दहा हजारांचा. कडकची शक्यता ०.३० ऐवजी ०.२८ धरली की उत्तर परत ५०० वर येतं. ०.३ कुठून आणलं?

इतवारी_स्टॉक: अंदाजानं.

महाल_गणित: मग मी ५०० च म्हणेन. उन्हाळा थंड गेला तर ७०० ला साडेतीन लाख हाती राहतात, ५०० ला साडेपाच.

रेषीय: आणि कडक तापला तर ७०० ला १८.२० लाख, ५०० ला १३.२०. कडकची शक्यता ०.२८५७ ते ०.३५७१ असेल तर ७००, त्याखाली ५००, त्यावर ८००. शक्यता बदलून पाच-सहा वेळा चालवा आणि मग ठरवा.

मानेवाडा७: हवामान खात्याचा मार्च ते मेचा अंदाज येतो ना?

रेषीय: तो फेब्रुवारीअखेर येतो, ऑर्डर जानेवारीत जाते. @इतवारी_स्टॉक, कंपनी मार्चमध्ये दुसरा हप्ता देते का, आणि कोणत्या भावानं? देत असेल तर मॉडेल तीन टप्प्यांचं होईल आणि जानेवारीचा आकडाही बदलेल.

इतवारी_स्टॉक: देते बहुतेक, भाव विचारावा लागेल. उद्या सांगतो.