शब्दचर्चा : ‘ते त्यात सावकाश सोडावे’ यातलं ‘ते’ कोणतं?

अनुवादक, वरूड

नमस्कार. ठिबक संचाच्या देखभालीचं एक माहितीपत्रक इंग्रजीवरून मराठीत करते आहे. आमच्याकडे संत्र्याच्या बागा बोअरच्या पाण्यावर आणि पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. तो काढायला नळ्यांतून पातळ केलेलं ऍसिड सोडतात. आधी कुणीतरी केलेला मराठी मजकूर हाताशी आहे. त्यातल्या ओळी जशाच्या तशा देते :

“प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्यावे. ऍसिड मोजून घ्यावे. ते त्यात सावकाश सोडावे. हे झाल्यावर ते टाकीत घ्यावे.”

मी हे घरी दोघांना वाचायला दिलं. भाऊ म्हणाला, ऍसिड पाण्यात सोडायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ऍसिड मोजून ठेवलंय ना, मग त्या मापात पाणी सोडायचं. दोघांनीही न अडखळता वाचलं, दोघांनाही आपलाच अर्थ उघड वाटला. इंग्रजीत इथे एकच सर्वनाम आहे आणि पुढे ‘पाण्यात’ असं स्पष्ट लिहिलंय. मराठी करताना त्या ‘पाण्यात’चं ‘त्यात’ झालं. ‘ते’ऐवजी दुसरा कोणता शब्द घातला तर हा घोळ सुटेल?

निवृत्त शिक्षक, दर्यापूर

ताई, तुमचा प्रश्न शुद्धलेखनाचा आहे. पूर्वी नपुंसकलिंगी एकवचन ‘तें’ असं अनुस्वार देऊन लिहीत आणि पुल्लिंगी अनेकवचन ‘ते’ बिनअनुस्वाराचं. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही रूपं सारखीच दिसू लागली. माझं शिक्षण जुन्या पद्धतीने झालं, तेव्हा अशी शंका येत नसे. माहितीपत्रकात ‘तें’ लिहिलं तर कुणाची हरकत नसावी.

अनुवादक, वरूड

गुरुजी, हा फरक मला नीट माहीत नव्हता. पण इथे तर ऍसिडही ‘तें’ आणि पाणीही ‘तें’.

सॉफ्टवेअर लेखक, मूळ गाव आर्वी

मी दिवसभर हेच काम करतो. इंग्रजीत निर्जीव वस्तूला एकच सर्वनाम, म्हणून तिथे हा त्रास जास्त. मराठीला लिंगाची सोय आहे. ‘टाकीवर फिल्टर बसवा आणि ती भरून घ्या’ म्हटलं की ‘ती’ म्हणजे टाकीच, फिल्टर नव्हे. तुमच्या वाक्यात दोन्ही नामं नपुंसकलिंगी आली एवढीच अडचण आहे. ऍसिडला ‘द्राव’ म्हणा. मग ‘तो त्यात सावकाश सोडावा’. ‘तो’ म्हणजे द्राव, पाणी असूच शकत नाही. प्रश्न मिटला.

रसायनशास्त्राची शिक्षिका, यवतमाळ

आधी धोका काय आहे ते सांगते, कारण त्यावरूनच कोणता उपाय पुरेल ते ठरतं. सल्फ्युरिक ऍसिड पाण्यात मिसळताना खूप उष्णता निघते. तीव्र ऍसिड पाण्याच्या पावणेदोन पटीहून जड असतं. ऍसिडवर पाणी ओतलं तर पाणी वरच राहतं, तिथल्या तिथे उकळतं आणि ऍसिडसकट तोंडावर उडतं. पाण्यात ऍसिड बारीक धारेने सोडलं तर ते खाली उतरत मिसळतं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. म्हणजे काकूंनी वाचलं तसं कुणी केलं तर डोळे जाऊ शकतात. मला स्वतःला विद्यार्थिदशेत मनगटावर शिंतोडे उडालेले आहेत, आणि तेव्हा फळ्यावर वाक्य होतं ‘त्यात ते थेंब थेंब टाका’. मी पहिलं ‘त्यात’ ऍसिडला लावलं होतं.

आता आर्वीच्या भाऊंचा उपाय. या एका वाक्यापुरता तो चालतो, हे खरं. पण मराठीचं लिंग दिसतं तितकं मदतीला येत नाही. ‘तो’ आणि ‘ते’ वेगळे आहेत, पण विभक्ती लागली की दोघांचंही ‘त्याला, त्यात, त्याचं’ होतं. स्त्रीलिंगी ‘तिला, तिच्यात’ तेवढं वेगळं राहतं. सूचनांत तर ‘त्यात टाका, त्याला जोडा, त्याचं झाकण लावा’ अशीच रूपं जास्त येतात. पंप आणि यंत्र शेजारी शेजारी आले आणि पुढे ‘त्याचं झाकण उघडा’ आलं, तर लिंग काहीच सांगत नाही. आणि बागेतला माणूस ऍसिडला ऍसिडच म्हणतो. कॅनवरही तेच लिहिलेलं असतं. ‘द्राव’ वाचून तो कॅन शोधायचा कुठे?

माझ्या मते ताईंना दुसरं सर्वनाम शोधायची गरजच नाही. तिथे नाम लिहा : ‘मोजलेलं ऍसिड बादलीतल्या पाण्यात सोडा.’

संत्रा बागायतदार, मोर्शी

म्याडम, तुमचं ते लिंगाचं आमच्याकडे तं आणखीच बसत नाही. पुस्तकात ‘ती टाकी’ अन् ‘ते पाणी’ असन, आमी बोलताना दोघायलेही ‘थे’ म्हणतो. ‘थे भरली का’ म्हटलं तं क्रियापदावरून समजते, पण ‘थे बंद कर’ म्हटलं तं टाकी का मशीन, काही समजत नाही. तिथं उभा हाये तो माणूस बोटाकडे पाहून समजते. कागदाले बोट नाही.

माझ्याकडचं सांगतो. जाळीच्या फिल्टरच्या पत्रकात होतं, ‘झाकण उघडून जाळी व रबरी रिंग काढावी. स्वच्छ धुवून परत बसवावी.’ गड्यानं जाळी धुतली, बसवली, झाकण आवळलं. रिंग तशीच दगडावर राहिली. मोटर लावली तं झाकणातून पिचकारी. त्यानं वाचलं तसंच केलं. ‘बसवावी’ म्हणजे एक वस्तू. इथं तं ‘ते’ बी नाही अन् ‘ती’ बी नाही.

रसायनशास्त्राची शिक्षिका, यवतमाळ

भाऊ, तुम्ही फार नेमकी जागा दाखवली. मराठीत सर्वनाम गाळलं तरी वाक्य पूर्ण वाटतं, म्हणून लिहिणाऱ्याला तिथे काही राहिलंय हे दिसतही नाही. ‘धुवून परत बसवा’, ‘बंद करा’, ‘भरून ठेवा’ अशा प्रत्येक क्रियापदापाशी ‘काय?’ असं विचारायला हवं. मी मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना बोट ठेवत जाते. ‘ते, त्यात, हे, असे’ किंवा बिनकर्माचं क्रियापद आलं की मागच्या दोन वाक्यांतली नामं एकेक करून तिथे घालून बघते. दोन नामं बसली आणि दोन्ही कृती हाताने करता येण्याजोग्या निघाल्या, तर तिथे नाम लिहायला लावते.

दुसरी कृती करताच येत नसेल तर मी सर्वनाम राहू देते. ‘फिल्टरच्या आधीचा दाब नंतरच्या दाबापेक्षा फार वाढला की तो धुवा’ यात दाब आणि फिल्टर दोन्ही पुल्लिंगी आहेत, पण दाब कुणी धुवायला जाणार नाही.

निवृत्त शिक्षक, दर्यापूर

माझा आधीचा मुद्दा चुकीच्या जागी लागला, हे मान्य. पण एक शंका राहते. ‘ऍसिड, ऍसिड, ऍसिड’ असं ओळीओळीत आलं तर ती मराठी राहते का? पुनरुक्ती टाळा, हे मी तीस वर्षं शिकवलं. ‘सदर द्रव’, ‘उपरोक्त आम्ल’ असं लिहिता येईल.

सॉफ्टवेअर लेखक, मूळ गाव आर्वी

गुरुजी, इथे मी यवतमाळच्या मॅडमच्या बाजूने आहे. निबंधात शब्द बदलला की वाचकाला बरं वाटतं. सूचनेत शब्द बदलला की त्याला वाटतं वस्तूच बदलली. पहिल्या ओळीत ऍसिड, दुसरीत आम्ल, तिसरीत द्रव आला, तर तो तीन डबे शोधेल. ‘सदर’ म्हणजे तरी कोणतं, हा प्रश्न राहतोच. मात्र ‘हे’ला मी पूर्ण काढणार नाही. ‘हे मिश्रण’, ‘ही नळी’, ‘हा व्हॉल्व्ह’ असं ‘हे’च्या मागोमाग नाम आलं की गोंधळ उरत नाही. एकटं ‘हे’ आणि एकटं ‘असे’ तेवढं नको. ताईंच्या मजकुरात ‘हे झाल्यावर’ आहे. काय झाल्यावर? ऍसिड सोडून झाल्यावर, की ढवळून झाल्यावर?

अनुवादक, वरूड

आणि त्यापुढचं ‘ते टाकीत घ्यावे’ तर तिसरीच वस्तू आहे. तोवर ऍसिड आणि पाणी मिळून मिश्रण झालेलं असतं, आणि मिश्रणही नपुंसकलिंगीच. नव्याने लिहून बघितलं :

१. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्या.
२. ऍसिड वेगळ्या प्लास्टिकच्या मापात मोजून घ्या.
३. मापातलं ऍसिड बादलीतल्या पाण्यात बारीक धारेने सोडा. ऍसिडात पाणी कधीही ओतू नका.
४. सगळं ऍसिड पाण्यात मिसळलं की हे मिश्रण खताच्या टाकीत ओता.
५. ठिबक सुरू करून टाकीतलं मिश्रण नळ्यांत सोडा. शेवटच्या ड्रिपरच्या थेंबाचा सामू ४च्या आसपास आला की बंद करा आणि २४ तास तसंच राहू द्या.
६. दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोकं उघडून साध्या पाण्याने धुवा.

प्रत्येक पायरी एकटी वाचली तरी कळावी असं बघितलंय, कारण हातात मोजे घालून उभा असलेला माणूस मागची ओळ पुन्हा वाचणार नाही.

निवृत्त शिक्षक, दर्यापूर

तिसरी पायरी वाचली. दोनदा ‘पाणी’, दोनदा ‘ऍसिड’, तरी कानाला खटकत नाही. वर्गातल्या निबंधासाठी माझं मत मात्र बदललेलं नाही.

संत्रा बागायतदार, मोर्शी

ताई, घरी बायकोले वाचून दाखवलं. चौथ्यापर्यंत बरोबर सांगितलं तिनं. पाचव्यात अडली. ‘बंद करा’ म्हणजे खताच्या टाकीचा कॉक का मोटर? नुसता कॉक बंद केला अन् मोटर चालूच राहिली तं साधं पाणी येऊन ऍसिड धुवून जाईन. अन् ‘तसंच राहू द्या’ म्हणजे नळीत भरलेलं, का टोकं उघडून रिकामं?

अनुवादक, वरूड

भाऊ, वहिनींना माझा नमस्कार सांगा. पाचवीचा शेवट बदलते : ‘…सामू ४च्या आसपास आला की मोटर बंद करा. नळ्यांची टोकं उघडू नका, मिश्रण नळ्यांत २४ तास भरलेलं राहू द्या.’

सहावीतही ‘धुवा’पाशी वस्तू नाही, हे आता दिसलं. नळ्या धुवायच्या की टोकं? आतून पाणी सोडून गाळ बाहेर काढायचा, असं म्हणायचंय. ‘नळ्या आतून धुवा’ लिहिलं तर बाहेरूनही धुवायच्या होत्या का, असं कुणी विचारेल. तुमच्याकडे या कामाला काय म्हणतात?

संत्रा बागायतदार, मोर्शी

आमी ‘फ्लश मारणं’ म्हणतो. पण नवीन माणसाले थे समजन का, सांगता येत नाही.