एमपी३ स्टेम आणि २५ मिलिसेकंद
"मिक्सिंगसाठी स्टेम, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये पाठवले तर कानाला फरक कळतो कुठे?"

आवाजात बहुधा नाहीच, पण वेळेत कळेल. एमपी३ बनवणारा लेम एन्कोडर सुरुवातीला ५७६ सॅम्पलची शांतता घालतो, डीकोडरची ५२९ धरून ११०५, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २५ मिलिसेकंद. फाइलीतला टॅग वाचून काही सॉफ्टवेअर ती छाटतात, काही नाही. सगळेच स्टेम एमपी३ असले तर सारखेच सरकतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण मूळ वेव्ह ढोलकीशेजारी एमपी३ बास ठेवला की बास मागे रेंगाळतो, आणि बिटरेट वाढवून हे जात नाही.

जागाच वाचवायची तर आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारं २४ बिट फ्लॅक पाठवा. खात्रीसाठी ते मूळ २४ बिट वेव्हसोबत फेज उलटून वाजवलंत तर पूर्ण शांतता मिळायला हवी. मात्र शून्य डीबीच्या वर गेलेले ३२ बिट फ्लोट स्टेम वेव्हमध्येच ठेवा. फ्लॅक करताना ती शिखरं कापली जातात.