मदत हवी आहे: नायक्रोम तारेचा क्रिटिकल हीट फ्लक्स सूत्रापेक्षा दीडपट येतो

प्रयोगवही: नमस्कार. आम्ही ०.२ मिमी व्यासाची, १०० मिमी लांबीची नायक्रोम तार ८० अंशांच्या पाण्यात आडवी धरून डिमरस्टॅट सावकाश वाढवत नेला. आधी तुरळक बुडबुडे आले, मग त्यांचे सलग स्तंभ उठू लागले, आणि व्होल्टमीटर २०.५ व अमीटर ५.२ दाखवत असताना तार एका जागी लाल होऊन तुटली. १०६.६ वॅटला तारेच्या बाह्य पृष्ठफळाने भागल्यावर १.७० मेगावॅट प्रति चौरस मीटर येतात, पण झुबरच्या पुढील सूत्राने १.११ च येतात.

```
q = 0.131 h_fg ρ_v^0.5 [σ g (ρ_l − ρ_v)]^0.25
```

शिवाय वक्राचा उतरता भाग आम्हाला दिसलाच नाही. चूक कुठे झाली असावी?

तापमापी: ०.१३१ ऐवजी ०.१४९ घ्यावा, म्हणजे १.२६ येईल. उरलेला फरक उपकरणाचा समजावा.

गृहस्थ: आमच्या घरचा इमर्शन रॉड क्षार साचून असाच जळाला. आपले पाणी बोअरचे आहे का?

बाष्पक: क्षार साचायला दिवस लागतात; ही तार काही मिनिटांत तुटली आहे. ०.१४९ हा स्थिरांक मोठ्या सपाट पृष्ठासाठी ठीक आहे, तारेसाठी नाही.

प्रथम आपलेच आकडे तपासा. २०.५ भागिले ५.२ म्हणजे ३.९४ ओहम, पण एवढ्या नायक्रोम तारेचा रोध साधारण ३.५ ओहम असायला हवा. उरलेला रोध पकडींचा आणि जोडतारांचा दिसतो. तिथली उष्णता आपण तारेच्या नावावर मांडली आहे. प्रवाहाच्या वर्गाला ३.५ ने गुणल्यास ९४.६ वॅट, म्हणजे १.५१ मेगावॅट येतात. दुसरे असे की सूत्र उकळत्या पाण्याचे आहे. ८० अंशांच्या पाण्यात बाष्प लगेच विरते आणि तार अधिक उष्णता सोसते.

उतरता भाग मात्र या मांडणीत दिसणारच नाही. विजेने आपण उष्णता ठरवतो, तापमान नव्हे. त्यामुळे शिखर ओलांडताच तार थेट बाष्पपटलाच्या अवस्थेत उडी मारते, आणि ते तापमान नायक्रोमला सोसत नाही. नुकियामा यांची नायक्रोम तारही १९३४ च्या प्रयोगात अशीच जळाली होती. पटलाची अवस्था त्यांना प्लॅटिनमच्या तारेवर मिळाली.

प्रयोगवही: आभारी आहे. एका पकडीचा स्क्रू खरोखरच सैल होता. तो आवळून, पाणी पूर्ण उकळवून दुसरी तार लावली, ती ४.६ अँपिअरला तुटली, म्हणजे साधारण १.१८. आता सूत्र जुळले असे लिहू का?

बाष्पक: तसे लिहू नका. तारेची त्रिज्या ०.१ मिमी आणि उकळत्या पाण्याची केशिक लांबी सुमारे २.५ मिमी, म्हणजे गुणोत्तर ०.०४. बारीक तारांसाठीची दुरुस्तीसुद्धा ०.१५ च्या खाली वापरत नाहीत, कारण तिथे बाष्पस्तंभांचे गृहीतकच लंगडे पडते. आपला आकडा योगायोगाने जवळ आला असण्याची शक्यता मोठी आहे. १ मिमीची तार मिळाली तर गुणोत्तर ०.२ होईल, मात्र आपला डिमरस्टॅट तेवढा प्रवाह देईल का, हे आधी पाहा.