चहात क्रिएटिन टाकलं तर फुकट जातं का?

कारेलीबागकर
मंडळी, सल्ला हवाय. वय 26, वजन 68 किलो, पूर्ण शाकाहारी. मकरपुऱ्यात कारखान्यात पहिली पाळी असते, पहाटे साडेपाचला उठतो. पंधरा दिवसांपासून रोज 3 ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट सुरू केलंय. गार पाण्यात ते विरघळत नाही, दाताखाली कचकचतं, म्हणून आईने केलेल्या सकाळच्या चहातच घालतो. जिममधले ट्रेनर म्हणाले, "चहा-कॉफी बंद कर, कॅफिन क्रिएटिनला मारून टाकतं." दिवसाला चार चहा होतात, सगळे आलं-पुदिना-गवती चहा घातलेले, आपल्या बडोद्याच्या पद्धतीचे. शिवाय संध्याकाळी साडेसहाला व्यायामाआधी प्री-वर्कआउटचा एक स्कूप घेतो, डब्यावर 200 मिलिग्रॅम कॅफिन लिहिलंय. चहा खरंच सोडावा लागेल का? आणि काल कपाच्या तळाशी पांढरा रवाळ थर दिसला. दूध नासलं होतं की क्रिएटिन?

दांडियाबाजार_खोखो
ट्रेनर बरोबर सांगतायत. क्रिएटिन स्नायूत पाणी ओढतं आणि कॅफिन लघवीवाटे पाणी बाहेर काढतं. दोघं एकमेकांच्या उलट, म्हणून क्रिएटिन आत पोचतच नाही. त्यात उकळत्या चहात घातलं की ते तुटून जातं. मी दोन वर्षं साध्या पाण्यातच घेतोय.

आहारतज्ज्ञ_मेधा
मी क्रीडा-आहाराचं काम करते, हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. ट्रेनर जे सांगतायत ते हवेतून आलेलं नाही, पण अर्धंच पोचलंय.

ही भीती 1996 साली बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठाच्या एका अभ्यासातून आली. नऊ निरोगी पुरुष होते. क्रिएटिन किलोमागे रोज अर्धा ग्रॅम, म्हणजे तुमच्या वजनाला 34 ग्रॅम. त्यावर कॅफिन किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे तुम्हाला 340. नुसतं क्रिएटिन घेतलं तेव्हा गुडघा सरळ करण्याचा जोर वाढला, कॅफिन जोडलं तेव्हा वाढला नाही. लोकांनी एवढंच लक्षात ठेवलं. पण त्याच अभ्यासात स्नायूतला फॉस्फोक्रिएटिनचा साठाही मोजला होता, आणि तो दोन्ही वेळा सारखाच वाढला होता. म्हणजे कॅफिनने क्रिएटिनला दारात अडवलं नव्हतं. खोखोवाले, तुमचं "आत पोचतच नाही" तिथेच खोटं ठरतं. पाण्याचं म्हणाल तर रोज चहा पिणाऱ्याच्या शरीराला त्या कॅफिनची सवय झालेली असते, चार कप चहाने कोणी कोरडं पडत नाही.

मग जोर का वाढला नाही? त्याच विद्यापीठाने 2002 मध्ये पुढचं पाहिलं. आकसलेला स्नायू पुन्हा सैल व्हायला जो वेळ लागतो, तो क्रिएटिनने कमी होतो आणि सलग काही दिवस घेतलेल्या कॅफिनने वाढतो. पायाचा झटका पुन्हापुन्हा द्यायचा असेल तर हे आड येऊ शकतं. मला हे कारण पटण्यासारखं वाटतं.

आता तुमचा हिशोब. टपरीच्या छोट्या कपात साधारण 25 ते 30 मिलिग्रॅम कॅफिन धरा. चार कपांचे 100 ते 120. त्यात स्कूपचे 200 मिळवले की 300 ते 320, म्हणजे अभ्यासातल्या 340 च्या अगदी जवळ. पण तिथवर तुम्हाला चहा नेत नाही, स्कूप नेतो. ट्रेनरनी बंद करायला सांगितलं ते नेमकं उलट टोक आहे.

कारेलीबागकर
मेधाताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. स्कूप तर जिममधूनच घेतलाय. आणि तो थर?

आहारतज्ज्ञ_मेधा
तो क्रिएटिनच असावा. साध्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात ते जेमतेम 14 ग्रॅम विरघळतं, 50 अंशांच्या पाण्यात 34 ग्रॅमच्या आसपास. तुमचा घरचा कप 150 मिलिलिटरचा धरला तर गरम असताना 3 ग्रॅम सहज सामावतात. गप्पा मारत चहा निवला की त्यात दोन ग्रॅमच्या थोडं वर राहतं, उरलेलं तळाशी बसतं. नासलेल्या दुधाच्या गुठळ्या मऊ असतात आणि वरही तरंगतात, हे बोटाला बारीक साखरेसारखं लागेल. ओतून देऊ नका, घोटभर कोमट पाणी घालून हलवा आणि पिऊन टाका.

उकळण्याबद्दल: पावडर पातेल्यात घालू नका, कपात घाला. क्रिएटिन पाण्यात राहिलं की हळूहळू क्रिएटिनिन होतं, आणि उष्णता व आंबटपणा त्याला घाई करतात. पण ही गोष्ट दहा मिनिटांची नाही, तासांची आणि दिवसांची आहे. दुधाचा चहा फारसा आंबटही नसतो. थर्मासमध्ये क्रिएटिनचा चहा भरून पाळीवर न्यायचा विचार असेल तर तेवढं टाळा, पावडर पुडीत न्या. लिंबू पिळलेल्या कोऱ्या चहातही ते मुरत ठेवू नका.

वाडीचे_काका
क्रिएटिनिन वाढणं फार वाईट. माझ्या पुतण्याचा रिपोर्ट 1.4 आला, घरातले सगळे घाबरले. मुलांनो, हे डबे बंद करा.

आहारतज्ज्ञ_मेधा
काका, काळजी रास्त आहे, पण इथे प्रश्न वेगळा होता. पुतण्या क्रिएटिन घेत असेल तर मूत्रपिंड ठीक असूनही तो आकडा थोडा वर दिसू शकतो. तो घेतोय हे डॉक्टरांना आधी सांगा, ते सिस्टॅटिन सी ही वेगळी तपासणी करून खात्री करू शकतात. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

सयाजीगंज_स्मिता
माझा अनुभव पोटाचा आहे. व्हॉलीबॉलच्या शिबिराआधी पाच दिवस रोज 20 ग्रॅम घेतलं, त्यातला पहिला हप्ता उपाशीपोटी कडक कॉफीत. तिसऱ्या दिवसापासून सरावात दोनदा मैदान सोडून पळावं लागलं. मग कॉफी वेगळी केली आणि क्रिएटिन जेवणानंतर 5 ग्रॅमवर आणलं. दोन दिवसांत पोट जागेवर आलं. पण दोन्ही एकदम बदलल्यामुळे दोष कॉफीचा होता की 20 ग्रॅमचा, ते सांगता येत नाही.

आहारतज्ज्ञ_मेधा
माझा संशय 20 ग्रॅमवर जास्त आहे. तरी 2016 मध्ये 54 पुरुषांवर 5 दिवसांचा एक अभ्यास झाला, रोज 20 ग्रॅम क्रिएटिनबरोबर 300 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन, कुणाला शुद्ध स्वरूपात, कुणाला कॉफीतून. शुद्ध कॅफिन घेणाऱ्यांपैकी काहींना पोटाचा त्रास झालाच. ताकदीत मात्र गटागटांत ठळक फरक दिसला नाही. यावर "बघा, काही अडत नाही" असं मी म्हणणार नाही, कारण तिथे नुसत्या क्रिएटिनचाही फायदा दिसला नव्हता. एवढ्या थोड्या दिवसांत निकाल लागत नाही.

दांडियाबाजार_खोखो
पोचण्याबद्दल मी चुकलो, मान्य. पण माझा खेळच झटक्याचा आहे. दर दोन सेकंदांनी दिशा बदलायची. मग ते सैल होण्याचं प्रकरण मला लागू पडतं ना?

आहारतज्ज्ञ_मेधा
पडू शकतं. मी तुमच्या जागी असते तर क्रिएटिन रोज घेतलं असतं आणि कॅफिनचा मोठा डोस फक्त सामन्याच्या दिवशी. क्रिएटिनचा साठा आधी भरून मग पळण्याआधी एकदाच कॅफिन दिलं तर फायदा झाला, असं 2002 च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं होतं. महिनोन्‌महिने दोन्ही रोज घेतल्यावर काय होतं, यावर मी पैज लावणार नाही.

कारेलीबागकर, तुम्हाला एक वेगळीच गोष्ट सांगायची राहिली. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. साडेसहाच्या स्कूपचे 100 मिलिग्रॅम रात्री साडेअकरालाही अंगात असतात, आणि तुम्ही उठता साडेपाचला. झोप कशी लागते?

कारेलीबागकर
बारा-साडेबारापर्यंत कूस बदलत असतो. मी पाळीलाच दोष देत होतो. सोमवारपासून स्कूप बंद, संध्याकाळी चारच्या चहावरच जिमला जातो. सकाळच्या चहात 3 ग्रॅम चालू ठेवतो. पंधरा दिवसांनी झोप आणि स्क्वॉटचं वजन दोन्ही इथे लिहितो.