उत्तर: दुसरा राउटर लावल्यावर नेट गेलं

> सांगलीत विश्रामबागला वरच्या मजल्यावर दुसरा राउटर लावला. वायफाय फुल्ल, पण नेट नाही.

एकामागे एक दोन राउटर लावले की दोघेही पत्ते बदलून डेटा पुढे पाठवतात, यालाच डबल नॅट म्हणतात; पण त्यामुळे सहसा नेट बंद पडत नाही. फार तर बाहेरून कॅमेरा बघताना अडतं. इथे पत्त्यांची टक्कर वाटते. दुसऱ्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे खालच्या राउटरकडून त्याला मिळालेला पत्ता, बघा. तो 192.168.1.5 सारखा असेल आणि त्याच राउटरचा लॅन आयपी, म्हणजे त्याला जोडलेल्या मोबाइलना दिसणारा त्याचा पत्ता, 192.168.1.1 असेल, तर दोन्ही बाजू एकाच नेटवर्कच्या झाल्या. खालच्या राउटरचा पत्ताही 192.168.1.1 असल्याने वरचा त्याला पाठवायचं पॅकेट स्वतःचंच समजतो. काही राउटर हे ओळखून पत्ता आपोआप बदलतात, जुने बदलत नाहीत.

खालून आलेली केबल काढा, वरच्याचा लॅन आयपी 192.168.2.1 करा, रीस्टार्ट करून केबल पुन्हा वॅन पोर्टला लावा. मोबाइलचं वायफाय एकदा बंद-चालू करा, म्हणजे नवा पत्ता मिळेल.